गावाच्या नावाचं शेपूट धरा: सोलापूरच्या नावांखालची जुनी भाषा कशी शोधायची

सोलापुरात कुणालाही विचारा, शहराचं नाव कुठून आलं, तर दहातले नऊ जण सांगतील की सोळा गावं मिळून सोलापूर झालं. रिक्षावाला सांगेल, शाळेतले सर सांगतील, लग्नात शेजारी बसलेले काका तर यादीसकट सांगतील. गोष्ट छान आहे, लक्षातही राहते, फक्त ती टिकत नाही आणि का टिकत नाही हे बघता बघताच गावांच्या नावांचा अभ्यास कसा करायचा ते कळतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू, मग आजूबाजूच्या तालुक्यात फिरू.

पहिली अडचण म्हणजे मराठीत सोळा हा आकडा ळ चा आहे. मराठी माणूस ळ आणि ल मध्ये गोंधळ करत नाही, बाळ आणि बाल वेगळं, काळा आणि काला वेगळा. सोळा वरून नाव पडलं असतं तर ते सोळापूर व्हायला हवं होतं, आणि तसं कुणीच म्हणत नाही. ल चा सोला हा हिंदीतला, म्हणजे गावकऱ्यांनी स्वतःच्या गावाला आकडा हिंदीत मोजून नाव दिलं असं मानावं लागतं. दुसरं म्हणजे ती सोळा गावांची यादी. ती जुन्या गॅझेटियरमधे दिलेली आहे आणि ती नीट वाचली तर त्यात आदिलपूर, अहमदपूर, मुहम्मदपूर अशी नावं आहेत, म्हणजे सुलतानांच्या काळातली, आणि गंमत म्हणजे त्याच यादीत खुद्द सोलापूर आणि सोनलगी पण आहेत! सोळा गावं मिळून सोलापूर झालं आणि त्या सोळात एक सोलापूर आधीच होतं, हे काय गणित बसत नाही राव.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि ती म्हणजे जुने लेख. 12व्या शतकात, कलचुरींच्या काळात, सिद्धेश्वर महाराज म्हणजे सिद्धराम इथे होते आणि त्या काळच्या लेखांत गावाचं नाव सोन्नलगे किंवा सोन्नलिगे असं येतं. कन्नडमध्ये आजही त्यांना सोन्नलिगे सिद्धराम म्हणतात. म्हणजे सुलतानी राजवटीच्या आधीच गावाला नाव होतं आणि त्यात ना सोळा ना पूर.

आधी जुनं रूप, अर्थ नंतर

नवीन माणूस काय करतो तर आजचं नाव घेतो, त्याचे दोन तुकडे पाडतो आणि शब्दकोशात अर्थ शोधत बसतो. तसं करायचं नाही. आजचं नाव हे शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात झिजून आलेलं असतं, त्यामुळे आधी जेवढी जुनी रूपं मिळतील तेवढी गोळा करायची आणि ती तारखेप्रमाणे एकाखाली एक लिहायची. सोलापूरचं असं होतं:

12वं शतक: सोन्नलगे, सोन्नलिगे
शके 1238 म्हणजे इ.स. 1316, मोहोळ तालुक्यातल्या कामतीचा संस्कृत लेख: सोनलीपूर
सोलापूरच्या किल्ल्यातला एक लेख: सोनलपूर
किल्ल्यातल्याच विहिरीवरचा लेख: संदलपूर
नंतर: सोलापूर, आणि इंग्रजांच्या कागदात शोलापूर

आता ही उतरंड वरून खाली सावकाश वाचा. सोन्नलगे ते सोनलीपूर या टप्प्यात एक मोठी गोष्ट झाली, शेवटचं गे गेलं आणि त्याच्या जागी पूर आलं. नंतर मधला न गळाला. कन्नड बोलणारे लोक आजही शहराला सोल्लापूर म्हणतात, ल वर जोर देऊन, तो दुहेरी ल बहुतेक त्या मधल्या न आणि ल च्या भांडणातूनच आलेला आहे. संदलपूर हा फाटा मात्र वेगळा, तिथे लिहिणाऱ्याने कानावर पडलेल्या नावाला आपल्या ओळखीच्या शब्दाकडे, चंदनाच्या संदलकडे ओढलेलं दिसतं. असं ओढणं सगळीकडे होतं. सोळा गावांची गोष्ट पण तेच करते, फक्त ओढणारा शब्द वेगळा.

मग सोन्नल म्हणजे काय, सोनं का? इथे हात आवरायचा. सोनं दिसलं की सोनं म्हणायचा मोह होतो, पण आपला प्रश्न नावाचा अर्थ काय हा नाहीच, नाव कोणत्या भाषेच्या लोकांनी ठेवलं हा आहे, आणि त्याचं उत्तर शेवटच्या गे मधे आहे, ते कन्नड गावनावांतलं शेपूट आहे. अर्थाचा रकाना रिकामा राहिला तरी चालतो.

पूर दिसलं म्हणून संस्कृत समजू नका

आता पंढरपूर घ्या. तिथे 1237 चा होयसळ राजा सोमेश्वराच्या काळातला लेख आहे, त्यात भीमरथीच्या काठावरच्या गावाचं नाव पंडरगे असं येतं. पंडरगे ते पंढरपूर. सोन्नलगे ते सोनलीपूर. दोन्हीकडे तेच झालंय, गे काढून पूर बसवलंय. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध दोन गावांची नावं आज वरून अगदी संस्कृत मराठी दिसतात आणि खाली दोन्हीकडे कन्नड शेपूट होतं. ही गोष्ट कळली तेव्हापासून मी पूर या अक्षरांवर विश्वास ठेवणं सोडलंय. पूर हे मानाचं शेपूट आहे, गाव मोठं झालं, देऊळ आलं, राजाची नजर पडली की लावलं जातं. लहान गावांकडे कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून त्यांची जुनी शेपटं तशीच राहिली, त्यामुळे अभ्यासाला शहरापेक्षा खेडी चांगली.

यादी कशी करायची

एक तालुका घ्या, जास्त नको. मी अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर सुचवेन कारण पलीकडे लगेच कलबुर्गी आणि विजयपूर जिल्हे लागतात. जनगणनेच्या पुस्तिकेत तालुक्यातली सगळी गावं मिळतात, पण ती इंग्रजीत असतील तर तशीच वापरू नका. इंग्रजीत ळ नाही, ण नाही, दुहेरी ळ्ळ तर नाहीच, आणि आपलं सगळं काम या अक्षरांवर चालतं. सातबारावर किंवा तलाठ्याच्या कागदावर देवनागरीत जे नाव आहे ते घ्या आणि त्याच्या शेजारी दुसरा रकाना करा, गावातले लोक काय म्हणतात त्याचा. हा दुसरा रकाना पहिल्यापेक्षा जास्त कामाचा असतो. त्यासाठी गावात जाऊन साठी पार केलेल्या माणसाला विचारायचं, आणि थेट "तुमच्या गावाचं नाव काय" असं नाही विचारायचं कारण मग ते कागदावरचं शुद्ध नाव सांगतात. "काका, तुमी कुठनं आलाव?" असं विचारा, किंवा एसटी स्टँडवर कंडक्टर काय ओरडतोय ते ऐका. घरात कन्नड बोलणारे असतील तर त्यांच्याकडून कन्नडमध्ये म्हणवून घ्या, मराठी पाटीवर गळालेली अक्षरं तिथे बऱ्याचदा जिवंत असतात.

मग शेपटाप्रमाणे नावं लावा. एक्सेलमधे नाव शेवटच्या अक्षरावरून सॉर्ट होत नाही, म्हणून शेपटाचा वेगळा रकाना हाताने भरा, एका तालुक्याला एक संध्याकाळ जाते.

तुम्हाला दिसायला लागेल की होटगी, शेळगी, निंबर्गी, इंगळगी, करजगी, मैंदर्गी, हंजगी, मिरजगी, उडगी, हिप्परगे, नुसता गी आणि गे चा पाऊस आहे. हेच ते सोन्नलगे पंडरगे वालं शेपूट. नागणहळ्ळी, गुर्देहळ्ळी, चिक्केहळ्ळी यांत हळ्ळी आहे, म्हणजे कन्नडमध्ये सरळ खेडं, आणि चिक्क म्हणजे लहान. हत्तूर, तोळणूर, हण्णूर यांत ऊर, तेही गावच. आणि याच गावांच्या मधेमधे भंडारकवठे, बोळकवठे, भुरीकवठे अशी कवठाच्या झाडाची चोख मराठी नावं, चिंचपूर, वाड्या, गावं. म्हणजे रेघ मारून इकडे मराठी तिकडे कन्नड असं काही नाही, सगळं मिसळलेलं आहे. पण नकाशावर गी, हळ्ळी ला एका रंगाचा ठिपका आणि गाव, वाडी, कवठे ला दुसऱ्या रंगाचा असं केलंत आणि मग तेच करमाळा माढ्याकडे करून पाहिलंत तर पहिला रंग कसा विरळ होत जातो ते डोळ्यांनी दिसतं. एका नावावरून काहीच सिद्ध होत नाही, ठिपक्यांच्या दाटीवरून होतं.

शेपूट फसवतं ते कसं

सगळ्यात सोपी फसगत लवंगी. शेवटी गी आहे म्हणून गी च्या यादीत टाकलं, पण गी काढल्यावर उरतं काय, लवं. आणि ई काढली तर लवंग, जो पूर्ण शब्द आहे. म्हणजे इथे गी हे शेपूट नसायची शक्यता आहे. नियम असा ठेवा की शेपूट तोडल्यावर उरलेला तुकडा बघायचा, आणि दुसरीकडून तोडल्यावर जास्त चांगला शब्द मिळत असेल तर ते नाव शंकेच्या रकान्यात टाकायचं. चुंगीचं पण तेच, ते नाव दोन अक्षरांचं आहे, त्यात शेपूट कुठलं आणि धड कुठलं हे सांगताच येत नाही.

ऊर जरा जास्त अवघड आहे. कन्नड, तमिळ, तेलुगू सगळीकडे ऊर म्हणजे गाव, आणि लातूर हे त्याचं आपल्या शेजारचं पक्कं उदाहरण कारण राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूर गावचे म्हणवत आणि तेच झिजून लातूर झालं. पण प्राकृतात दोन स्वरांच्या मधला प गळून जायचा, त्यामुळे कुठलंतरी पूर सुद्धा झिजून ऊर होऊ शकतं. धाराशिवजवळचं तेर बघा ना, ते जुनं तगर, रोमन व्यापाऱ्यांच्या काळातलं नामांकित बाजाराचं गाव, मधला ग गळाला आणि तेर उरलं. अक्षरं अशीच जातात. म्हणून जेऊर सारखं नाव, जे अक्कलकोट तालुक्यात पण आहे, करमाळ्यात पण आहे आणि नगरकडे पण आहे, ते नुसतं बघून कानडी ठरवायचं नाही. कुठलं ऊर खात्रीचं मानायचं? ज्याच्या आधीचा तुकडाही कन्नड व्याकरणाने जोडलेला असेल ते. जत तालुक्यात बेवनूर आहे. कन्नडमध्ये कडुनिंब म्हणजे बेवु, आणि "कडुनिंबाचं" म्हणायचं तर बेविन. बेविन अधिक ऊर, बेवनूर. मधला तो न मराठीचा नाही, संस्कृतचा नाही, कन्नडचा षष्ठीचा प्रत्यय आहे. शब्द उसने घेतले जातात पण प्रत्यय सहसा घेतले जात नाहीत, म्हणून असा एक न सापडला की दहा अंदाजांच्या बरोबरीचा पुरावा.

हत्तूरवर मात्र तुम्ही भांडण लावू शकता. मराठी माणूस म्हणेल हत्ती, कन्नड माणूस म्हणेल हत्तु म्हणजे दहा, तिसरा म्हणेल हत्ति म्हणजे कापूस आणि काळ्या मातीचं गाव आहे बघा. तिन्ही तितकेच बरे वाटतात, आणि जेव्हा तिन्ही बरे वाटतात तेव्हा एकही लिहायचा नाही, जुनं रूप मिळेपर्यंत थांबायचं. शेपूट ऊर एवढंच नोंदवा.

ह च्या खाली प

एक ध्वनिनियम मात्र पाठच करा, बाकीचे नंतर आले तरी चालतील. जुन्या कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जो प होता त्याचा 10व्या शतकाच्या सुमारास हळूहळू ह व्हायला लागला आणि हे काम पुढे काही शतकं चाललं. पळ्ळी ची हळ्ळी झाली, पत्तु चं हत्तु झालं, पुलि म्हणजे वाघ त्याचं हुलि झालं. मराठीत हे झालं नाही. याचे दोन उपयोग. एक, नाव ह ने सुरू होत असेल, किंवा त्याचा दुसरा तुकडा ह ने सुरू होत असेल, तर जुन्या लेखांत ते प खाली पण शोधायचं, नाहीतर समोर असून सापडत नाही. दोन, नागणहळ्ळी मधला ह सांगतो की हे नाव 10व्या शतकानंतरही कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडात होतं, म्हणजे गावात त्यांची वस्ती किंवा निदान वर्दळ चालू होती, नुसतं जुनं नाव मागे राहिलं असं नाही.

हिप्परगे वर हे करून बघा. सोलापुराजवळ तळेहिप्परगे आहे, अक्कलकोटकडे कलहिप्परगे आहे, पलीकडे विजयपूर जिल्ह्यात देवरहिप्परगी. कन्नडमध्ये हिप्पे म्हणजे मोहाचं झाड, त्यामुळे मोहाचं गाव असा अर्थ पटकन सुचतो. पण ह च्या खाली प ठेवला तर पिप्पर दिसायला लागतं आणि मग पिंपळाचं झाड शर्यतीत उतरतं! झाड कुठलं हे लेखातल्या रूपावरून ठरेल, आज झाड उभं आहे की नाही यावरून नाही, कारण पिंपळ काय सगळीकडेच असतो. शेपूट गे आणि सुरुवातीचा ह, या दोन्हींवरून नाव कन्नड तोंडातलं हे मात्र झाड न ठरवताही ठरतं.

जागेवर जाऊन तपासा

झाडांची नावं जागेवर तपासता येत नाहीत पण दगड, पाणी, टेकडी, संगम यांची येतात. त्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे हत्तरसंग कुडल, दक्षिण सोलापुरात, भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे. कन्नडमध्ये कूडु म्हणजे एकत्र येणं आणि कूडल म्हणजे संगम. तुम्ही घाटावर उभे राहून दोन नद्या मिळताना बघता आणि गावाचं नाव तेच सांगतंय, याहून पक्का पुरावा मिळणार नाही. कर्नाटकात बसवेश्वरांचं कूडलसंगम आहे, तिथे कृष्णा आणि मलप्रभा मिळतात. तिथे तर संगम शब्द दोनदा आलाय, एकदा कन्नडमध्ये एकदा संस्कृतमध्ये. नंतर आलेल्या लोकांना किंवा पंडितांना कूडल हे नुसतं नाव वाटलं म्हणून त्यांनी आपल्या भाषेतलं पुन्हा जोडलं. नावात तीच गोष्ट दोन भाषांत आली की पहिली भाषा जुनी, दुसरी नवी, हा थर ओळखायचा सोपा मार्ग आहे.

आणि याच कुडलच्या देवळात शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख आहे ज्यात मराठी ओळ कोरलेली आहे, आजवर सापडलेल्या अगदी जुन्या मराठी ओळींपैकी एक. नीट बघा, गावाचं नाव कन्नड आणि दगडावरची ओळ मराठी, हजार वर्षांपूर्वी, एकाच घाटावर. नाव कन्नड म्हणजे तिथे फक्त कन्नड लोक होते असं अजिबात नाही, नाव ठेवणाऱ्याची भाषा तेवढी कळते, राहणाऱ्या सगळ्यांची नाही. म्हणून सीमावादात कुणी गी आणि हळ्ळी ची यादी घेऊन आला, कुठल्याही बाजूने, तर त्याला आधी कुडलला घेऊन जा.

शहरात उलटं होतं

हीच गोष्ट शहराच्या पूर्व भागात उलट्या बाजूने दिसते. 1877 मध्ये सोलापुरात पहिली गिरणी सुरू झाली, पुढे हातमाग आणि यंत्रमागावर पद्मशाली समाजाचे तेलुगू विणकर मोठ्या संख्येने राहिले, आजही तिथे गल्ल्यांत तेलुगू ऐकू येतं. मग तेलुगू गावनावं किती? जवळपास नाहीतच, कारण हे लोक आले तेव्हा आजूबाजूच्या गावांना नावं पडून शेकडो वर्षं झाली होती, नाव द्यायला जागाच उरली नव्हती. त्यांची खूण मिळते ती दुसऱ्यांनी दिलेल्या नावात. तेलंगी पाच्छा पेठ बघा. पाच्छा म्हणजे पातशहा, जुन्या मराठीत पाच्छाव म्हणत, मूळ फारसी. पेठ आपली नेहमीची. आणि तेलंगी हा शब्द तेलुगू माणूस स्वतःसाठी वापरत नाही, तो शेजाऱ्याने त्याच्यासाठी वापरलेला आहे. तीन शब्दांत सुलतानी राजवट, मराठी बाजार आणि बाहेरून आलेला विणकर, आणि विणकराची स्वतःची भाषा त्यात कुठेच नाही.

म्हणून तुमच्या एक्सेलमधे शेवटचा एक रकाना ठेवा, नाव कुणी ठेवलं असेल, राहणाऱ्यांनी की बाजूच्यांनी. वाड्यांना तो लगेच भरता येतो कारण आडनाव समोर असतं, पेठांना बऱ्यापैकी भरता येतो. गी वाल्या गावांना बहुतेक वेळा रिकामा राहील, त्यासाठी गावाच्या शिवारातली नावं लागतील, कुठल्या पट्टीला काय म्हणतात, ओढ्याला काय, माळाला काय. ती कुठल्याच छापील यादीत नाहीत. मोजणीच्या जुन्या नकाशावर थोडी मिळतात, बाकी बांधावर उभं राहून शेतकऱ्याला विचारायची आणि जसा उच्चार ऐकला तसाच, शुद्ध न करता, तिथल्या तिथे लिहून घ्यायची.